नमाजाच्या आणि मुहूर्ताच्या वेळा सूर्यावरून कशा काढायच्या

२० अंश उत्तर अक्षांशावरच्या एका ठिकाणाचं नमाजाचं वेळापत्रक समोर ठेवा. २१ डिसेंबरला मगरिब संध्याकाळी ५:५६ ला लागते, तर २१ जूनला ७:१२ ला. फरक सव्वा तासाहून जास्त. पण त्याच दोन तारखांची, दुपार उतरल्यावरची असर पाहिली, तर डिसेंबरात ३:३४ आणि जूनमध्ये ३:५३, म्हणजे फरक जेमतेम १९ मिनिटं. आणि दुपारची जोहर ज्या क्षणापासून सुरू होते तो क्षण तर फक्त चार मिनिटं सरकतो. सूर्य एकच, दिवस तेच, मग तिन्ही वेळा इतक्या वेगवेगळ्या चालीनं का सरकतात? कागद, पेन्सिल आणि साइन-कोसाइनची बटणं असलेला कॅल्क्युलेटर एवढ्यावर या वेळा स्वतः काढता येतात, आणि त्या काढताना या प्रश्नाचं उत्तरही आपोआप मिळतं.

सूत्राकडे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करू. या वेळा मुळात घड्याळाच्या वेळा नाहीतच. प्रत्येक वेळ म्हणजे सूर्य क्षितिजाच्या किती अंश वर किंवा खाली आहे याचं वर्णन आहे. या कोनाला उन्नतांश म्हणतात. मगरिब म्हणजे सूर्याचं बिंब पूर्ण बुडण्याचा क्षण. फजर म्हणजे पहाटेचा पहिला आडवा उजेड पसरण्याचा क्षण, तेव्हा सूर्य क्षितिजाच्या साधारण १८ अंश खाली असतो. इशाला संध्याकाळचा उजेड पूर्ण मावळलेला असतो. असर सावलीच्या लांबीवर ठरते, आणि सावली म्हणजे शेवटी कोनच. पंचांगातले मुहूर्त जरा वेगळ्या वाटेनं जातात. ते सूर्योदय आणि सूर्यास्त घेऊन मधल्या काळाचे समान भाग पाडतात. पण त्यांनाही सुरुवातीला तेच दोन कोन लागतात. म्हणून गणित एकच आहे: आजच्या दिवशी, या ठिकाणी, सूर्य अमुक कोनावर किती वाजता येईल?

पहिली पायरी: खरी दुपार

सगळ्यात आधी सूर्य डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर कधी येतो ते काढायचं, म्हणजे खरी माध्यान्ह. बाकीच्या सगळ्या वेळा तिच्या अलीकडे-पलीकडे मोजायच्या असतात, त्यामुळे इथे चूक झाली की सगळं वेळापत्रक एकाच बाजूला सरकतं.

घड्याळाचे बारा आणि खरी दुपार यांच्यात दोन फरक असतात. पहिला रेखांशाचा. प्रमाणवेळ एका ठरावीक रेखावृत्तावर बेतलेली असते. भारतीय प्रमाणवेळेसाठी ते ८२.५ अंश पूर्व आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणून त्या रेषेच्या पश्चिमेला जितके अंश, तितकी चार-चार मिनिटं दुपार उशिरा. आपलं उदाहरण ७५ अंश पूर्व रेखांशावर घेऊ. साडेसात गुणिले चार, म्हणजे ३० मिनिटं. सरासरी दुपार १२:३० ला.

दुसरा फरक तारखेनुसार बदलतो, त्याला कालसमीकरण म्हणतात. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यानं ती जानेवारीच्या सुरुवातीला, सूर्याच्या सगळ्यात जवळ असताना, भरभर पुढे सरकते आणि जुलैत सावकाश. शिवाय तिचा आस २३.४४ अंशांनी कललेला असल्यानं सूर्याची पूर्वेकडची वार्षिक सरक विषुववृत्ताच्या दिशेनं मोजली तर रोज सारखी भरत नाही. या दोहोंमुळे एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचा काळ बरोबर २४ तास नसतो. फरक काही सेकंदांचाच, पण तो रोज साठत जातो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटांहून थोडा जास्त पुढे गेलेला असतो, आणि फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागे पडलेला असतो.

```
दुपार = 12:00 + 4 × (82.5 − रेखांश) मिनिटे − कालसमीकरण
```

२१ डिसेंबरला कालसमीकरण सुमारे +२ मिनिटं असतं, म्हणून खरी दुपार १२:२८. २१ जूनला ते जवळपास −२ असतं, म्हणून १२:३२. चिन्हाकडे नीट लक्ष द्या. काही तक्ते हेच मूल्य उलट चिन्हानं देतात. डिसेंबरात किंवा जूनमध्ये ही चूक कळूनही येणार नाही, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती दुप्पट होऊन अर्ध्या तासाच्या वर जाते. म्हणून आपल्या पद्धतीची पहिली परीक्षा नोव्हेंबरची तारीख घेऊनच करावी.

दुसरी पायरी: कोनावरून वेळ

आता आणखी दोन संख्या लागतात. एक आपला अक्षांश, तो कायमचा. दुसरी सूर्याची क्रांती, म्हणजे सूर्य त्या दिवशी विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे. ती वर्षभरात +२३.४४ ते −२३.४४ अशी झुलते: २१ जूनच्या सुमारास सगळ्यात उत्तरेला, २१ डिसेंबरच्या सुमारास सगळ्यात दक्षिणेला, आणि मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनी शून्यावर. सूत्र असं:

```
cos H = (sin h − sin φ × sin δ) / (cos φ × cos δ)

h = हवा असलेला उन्नतांश
φ = अक्षांश
δ = क्रांती
H = दुपारपासूनचा कोन; H ÷ 15 = तास
```

H म्हणजे होराकोन, सूर्य दुपारच्या जागेपासून किती अंश दूर गेला आहे ते. तासाला १५ अंश या हिशेबानं त्याचे तास करायचे. सकाळची वेळ हवी असेल तर ते दुपारमधून वजा करायचे, दुपारनंतरची हवी असेल तर मिळवायचे.

सूर्यास्तासाठी h शून्य घ्यावासा वाटतो, पण −०.८३३ अंश घेतात. सूर्याच्या बिंबाची त्रिज्या सुमारे पाव अंश आहे, आणि वरची कडा बुडते तेव्हा मध्य तेवढा खाली गेलेला असतो. शिवाय हवेतल्या वक्रीभवनामुळे क्षितिजावरचा सूर्य अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वर उचललेला दिसतो. डोळ्यांना तो टेकलेला दिसतो तेव्हा भूमितीनं तो खरं तर बुडालेला असतो.

२१ डिसेंबरचं गणित करू. sin २० म्हणजे ०.३४२०, cos २० म्हणजे ०.९३९७. क्रांती −२३.४४, तिचा sin −०.३९७८ आणि cos ०.९१७५. sin ना गुणलं की −०.१३६०, cos ना गुणलं की ०.८६२२. या दोन संख्या बाजूला लिहून ठेवा, दिवसभराच्या सगळ्या वेळांना त्याच लागतात. −०.८३३ चा sin −०.०१४५ आहे. त्यातून −०.१३६० वजा केल्यावर ०.१२१५ उरतात, आणि ०.८६२२ नं भागल्यावर ०.१४०९. ज्याचा cos ०.१४०९ आहे तो कोन ८१.९ अंश, म्हणजे ५ तास २८ मिनिटं. दुपार १२:२८, म्हणून सूर्यास्त ५:५६ ला आणि सूर्योदय ७:०० ला.

फजरसाठी बाकी काही बदलायचं नाही, फक्त h −१८ घ्यायचा. त्याचा sin −०.३०९०. उत्तर येतं −०.२००६, कोन १०१.६ अंश, ६ तास ४६ मिनिटं. फजर ५:४२ ला लागते आणि त्याच कोनानं इशा ७:१४ ला.

या १८ अंशांवर मात्र एकमत नाही. पहाटेचा उजेड कुठल्या क्षणी सुरू झाला म्हणायचं हे डोळ्यानं ठरवायचं, आणि तो उजेड इतका हळूहळू वाढतो की निरीक्षकांची मतं वेगळी पडणारच. कराचीच्या इस्लामी विद्यापीठाची पद्धत फजर आणि इशा दोन्हींना १८ अंश घेते, मुस्लिम वर्ल्ड लीग १८ आणि १७, उत्तर अमेरिकेतली एक रूढ पद्धत दोन्हींना १५. आपल्या उदाहरणात १५ अंश घेतले तर फजर ५:५५ ला येते, म्हणजे १३-१४ मिनिटं उशिरा. दोन ॲपमधल्या वेळा जुळत नसतील आणि फरक फक्त फजर-इशात असेल, तर गणित चुकलेलं नाही, निवडलेला कोन वेगळा आहे. फरक सगळ्याच वेळांत सारखा असेल, तर रेखांश किंवा कालसमीकरण तपासा.

असर: जिथे लक्ष्यच सरकतं

या सगळ्यात मला सगळ्यात चतुराईची वाटते ती असरची व्याख्या. उभ्या काठीची सावली काठीएवढी झाली की असर, असं थोडक्यात सांगितलं जातं. पण व्याख्या खरी अशी आहे: दुपारी जेवढी सावली असते, तिच्यात काठीची एक लांबी मिळवायची. सावली तेवढी झाली की असर लागली. इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेत काठीच्या दोन लांबी मिळवतात.

दुपारची सावली का मिळवायची हे डिसेंबरात पाहिलं की कळतं. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य खस्वस्तिकापासून, म्हणजे थेट डोक्यावरच्या बिंदूपासून, अक्षांश वजा क्रांती इतका दूर असतो: २० वजा (−२३.४४), म्हणजे ४३.४४ अंश. एक मीटरच्या काठीची सावली तेव्हाच ०.९४७ मीटर असते, जवळजवळ काठीएवढी. दुपारची सावली न मिळवता नुसती काठीएवढी सावली धरली असती, तर सूत्रानं १:१६ ला असर लागली असती, दुपार होऊन तास व्हायच्या आत. आणखी उत्तरेला हिवाळ्यात तर भर दुपारीच सावली काठीपेक्षा लांब असते, तिथे ही व्याख्या कोलमडलीच असती.

म्हणून डिसेंबरात हवी ती सावली १.९४७. उन्नतांश काढायला १ भागिले १.९४७ चा उलटा टॅन्जंट घ्यायचा. तो येतो २७.२ अंश. हा h सूत्रात घातला की ३ तास ६ मिनिटं मिळतात आणि असर ३:३४ ला लागते. हनफी हिशेबानं सावली २.९४७, वेळ ४:२० ला.

जूनमध्ये सूर्य जवळपास डोक्यावर असतो. फरक २० वजा २३.४४, म्हणजे ३.४४ अंश. दुपारची सावली ०.०६०, हवी ती सावली १.०६०, उन्नतांश ४३.३ अंश. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर इथे आहे. सूर्यास्ताचा कोन वर्षभर एकच राहतो, म्हणून मोठ्या दिवसाचा सगळा परिणाम त्याच्यावर दिसतो. असरचा कोन मात्र जूनमध्ये १६ अंशांनी वर चढतो. दिवस लांबला म्हणून असर उशिरा जायला हवी, पण गाठायची उंची वाढल्यानं ती अलीकडे ओढली जाते. दोन्हींची बरीचशी वजाबाकी होते आणि उरतात १९ मिनिटं. हनफी असरमध्ये हा तोल इतका बसत नाही, ती जूनमध्ये ५:१० ला लागते, डिसेंबरपेक्षा ५० मिनिटं उशिरा.

इथली नेहमीची चूक सांगून ठेवतो. अक्षांश वजा क्रांती ही संख्या जूनमध्ये ऋण येते, कारण सूर्य खस्वस्तिकाच्या उत्तरेला गेलेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. सावलीची लांबी ऋण नसते, म्हणून चिन्ह काढून टाकायचं. ते विसरलं तर दुपारची सावली मिळवण्याऐवजी वजा होते आणि असर काही मिनिटं आधीच लागते. कर्क आणि मकर वृत्तांच्या मधल्या ठिकाणीच हे घडतं, त्यामुळे दूर उत्तरेला बसून लिहिलेलं आणि तिथेच तपासलेलं कोष्टक या चुकीसकट आपल्यापर्यंत येऊ शकतं.

सूर्यास्त सगळ्यात लवकर कधी?

बहुतेकांचं उत्तर २१ डिसेंबर असतं. दिवस सगळ्यात लहान तेव्हा असतो हे खरं, पण २० अंश उत्तरेला सूर्यास्त सगळ्यात लवकर होतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि सूर्योदय सगळ्यात उशिरा होतो तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. कारण पहिल्या पायरीतच आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात कालसमीकरण झपाट्यानं उतरतं, म्हणून खरी दुपार रोज वीस-तीस सेकंदांनी पुढे जाते आणि तिच्या मागोमाग दोन्ही टोकं. डिसेंबरात दिवस अजून आखडत असतो, पण इतक्या सावकाश की दुपारची ही सरक त्याच्यावर मात करते. मगरिब डिसेंबरच्या सुरुवातीलाच पुढे सरकू लागते, फजर मात्र जानेवारी उजाडला तरी उशिरा-उशिराच होत राहते.

याच कारणानं मार्च आणि सप्टेंबरचे विषुवदिनही सारखे नसतात. दोन्ही दिवशी क्रांती शून्य, दिवसाची लांबी तीच, तरी मार्चमध्ये कालसमीकरण −७.५ आणि सप्टेंबरमध्ये +७.५ मिनिटं असतं. त्यामुळे मार्चमध्ये दिवसभराच्या सगळ्या वेळा सप्टेंबरपेक्षा पुऱ्या पंधरा मिनिटांनी उशिरा असतात. आपल्या उदाहरणात असर मार्चमध्ये ४:०२ ला, तर सप्टेंबरमध्ये ३:४७ ला लागते. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस पाहून असर कशी सरकते हे पूर्ण कळत नाही. मधल्या महिन्यांत ती दोन्ही टोकांच्या बाहेर जाऊ शकते.

मुहूर्तांचं गणित

सूर्योदय-सूर्यास्त हाती आले की मुहूर्त काढणं सोपं आहे. दिनमानाचे पंधरा समान भाग केले की एकेक मुहूर्त मिळतो. ४८ मिनिटांचा मुहूर्त हा सरासरी हिशेब आहे. आपल्या ठिकाणी २१ डिसेंबरला दिनमान १० तास ५५ मिनिटं, म्हणून मुहूर्त पावणेचव्वेचाळीस मिनिटांचा. २१ जूनला दिनमान १३ तास २० मिनिटं आणि मुहूर्त साडेत्रेपन्न मिनिटांच्या जवळ. अभिजित हा आठवा, म्हणजे बरोबर मधला. त्यामुळे त्याचा मध्य नेहमी खऱ्या दुपारवर येतो: डिसेंबरात १२:०६ ते १२:५०, जूनमध्ये १२:०५ ते १२:५८. घड्याळाच्या बाराला मध्य धरून काढलेला अभिजित या रेखांशावर अर्धा तास चुकलेला असतो.

दोन पंचांगांत सूर्योदय तीन-चार मिनिटांनी वेगळा दिसला, तर −०.८३३ आठवा. काही पंचांगकर्ते वरची कडा आणि वक्रीभवन धरतात, काही बिंबाचा मध्य आणि शुद्ध भूमिती धरतात. या अक्षांशावर दुसऱ्या रीतीनं सूर्योदय सुमारे चार मिनिटं उशिरा आणि सूर्यास्त चार मिनिटं लवकर होतो. दुपार हलत नाही, म्हणून अभिजितचा मध्य दोन्हीकडे तोच मिळतो.

क्रांती आणि कालसमीकरण कुठून आणायचं

खगोलीय पंचांगातून घेतलं तर उत्तम. हाताशी नसेल तर वर्षातल्या दिवसाचा क्रमांक N घेऊन ही साधी सूत्रं चालतात (१ जानेवारी म्हणजे १, कोन अंशांत):

```
B = 360 × (N − 81) / 365
δ ≈ 23.44 × sin B
कालसमीकरण ≈ 9.87 × sin 2B − 7.53 × cos B − 1.5 × sin B
```

यात कक्षा गोल असल्यासारखी क्रांती धरली आहे, त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटी ती सुमारे एक अंश चुकते. २० अंश अक्षांशावर त्यानं सूर्यास्त दीड मिनिटाच्या आसपास हलतो, पण ५० अंशांवर जवळपास पाच मिनिटं. छापायच्या वेळापत्रकासाठी हे सूत्र वापरू नये. स्प्रेडशीटमध्ये काम करत असाल तर SIN आणि COS ला रेडियन लागतात, अंश दिले तर सूर्यास्त सकाळी होतो किंवा काहीतरी भलतंच येतं. ही चूक लगेच दिसते, म्हणून तिची फारशी भीती नाही.

उत्तर पडताळायचं असेल तर एखाद्या मोकळ्या सपाट जागी ओळंब्यानं सरळ उभी केलेली काठी पुरते. सावली सगळ्यात आखूड होण्याचा क्षण नेमका पकडता येत नाही, कारण दुपारी तिची लांबी फार हळू बदलते. त्याऐवजी दुपारच्या दीड-दोन तास आधी सावलीच्या टोकावर खूण करून वेळ लिहावी, आणि दुपारनंतर सावली पुन्हा तेवढीच लांब होईल ती वेळ लिहावी. दोन्हींचा मध्य म्हणजे खरी दुपार. एक-दोन मिनिटांत जुळलं की रेखांश आणि कालसमीकरण बरोबर. असरची सावली मोजताना टोकाला अंधूक कडा दिसेल. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाचं बिंब आहे, त्याचा हा परिणाम, म्हणून मिनिटाच्या आतली अचूकता काठीकडून मागू नये. वेळापत्रकं छापणारे दोन-तीन मिनिटांचा एहतियात, म्हणजे सावधगिरीची मुभा, धरतात तो याचसाठी, आणि शहराचं पूर्व टोक ते पश्चिम टोक अशा फरकासाठीही.

जिथे सूत्र उत्तर देत नाही

उत्तरेला जाऊ तसं cos H चं मूल्य −१ च्या खाली घसरू लागतं. असा कोनच नसतो, कॅल्क्युलेटर त्रुटी दाखवतो. याचा अर्थ सूर्य त्या रात्री तेवढा खाली जातच नाही. जूनमध्ये १८ अंशांसाठी ही सीमा सुमारे ४८.५ अंश अक्षांशावर लागते. ५५ अंशांवर २१ जूनच्या मध्यरात्रीही सूर्य फक्त साडेअकरा अंश खाली असतो, रात्रभर संधिप्रकाश राहतो, इशाची आणि फजरची खूण आकाशात येतच नाही. अशा ठिकाणी सूर्यास्त ते सूर्योदय हा काळ घेऊन त्याचे भाग पाडतात. एका पद्धतीत रात्रीचे सात भाग करून पहिला भाग संपला की इशा, आणि शेवटचा भाग सुरू झाला की फजर. दुसरीत रात्रीचा मध्य ही दोन्हींची सीमा. तिसरीत कोनाला ६० नं भागून रात्रीचा तेवढा हिस्सा घेतात, म्हणजे १८ अंशांसाठी तीन दशांश. तिन्हींची उत्तरं बरीच वेगळी येतात, म्हणून उन्हाळ्यात दूर उत्तरेच्या एकाच शहरातल्या दोन मशिदींच्या इशात मोठा फरक दिसू शकतो. ध्रुववृत्ताच्या पलीकडे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, तेव्हा भाग पाडायला रात्रच उरत नाही. तिथे जवळच्या, दिवस-रात्र होणाऱ्या ठिकाणाच्या किंवा मक्केच्या वेळा घेतल्या जातात.